फोटो स्क्रीनपेक्षा काळे आले, दुकानाला हा ईमेल पाठवू का?

गड्ड्याचा_फोटोवाला: सोलापूरच्या गड्डा यात्रेतले ४० फोटो ८x१२ मॅट पेपरवर काढून घेतले. लॅपटॉपवर माणसांच्या अंगातली बाराबंदी पांढरीशुभ्र दिसते, कागदावर मात्र राखेत लोळून आल्यासारखी. दुकानात गेलो तर 'फाईलच तशी आहे' म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले. आता हा ईमेल पाठवतोय. काही बदल हवा का?

> महोदय, आपल्याकडून घेतलेले ४० प्रिंट स्क्रीनवरच्या फोटोंपेक्षा बरेच काळे आहेत. चेहरे ओळखू येत नाहीत, पांढरे कपडे करडे दिसतात. ही छपाईतली चूक आहे. सर्व प्रिंट आठ दिवसांत विनाशुल्क पुन्हा काढून द्यावेत.

सात_रस्ता: पाठवा की मालक, विचारताय काय? पैसे घेतले ना त्यांनी? पहिला प्रिंट करडा निघाल्यावर मशीनवरच्या माणसाने तुम्हाला एक फोन करायला नको? ४० प्रिंट डोळे मिटून काढले. मी असतो तर काउंटरवरच गठ्ठा ठेवून आलो असतो.

जुना_लॅबवाला: थांबा जरा. मी बारा वर्षं लॅबच्या मशीनवर बसलोय, म्हणून तीन गोष्टी विचारतो. अक्षता सोहळ्याचा भर उन्हातला एक फोटो कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि ऊन पडलंय त्या खांद्यावरच्या पांढऱ्या कापडावर कर्सर न्या. आकडा किती येतो? लॅपटॉपची ब्राइटनेस किती असते? आणि ऑर्डर देताना 'करेक्शन' हवं म्हणालात की नको?

सीएमवायके_अण्णा: आकडेबिकडे सोडा ओ. कारण सरळ आहे. स्क्रीन आरजीबी, छपाई सीएमवायके. फाईल सीएमवायकेमध्ये बदलून द्यायची असते, हे दुकानदाराने सांगायला पाहिजे होतं.

जुना_लॅबवाला: अण्णा, लग्नपत्रिका किंवा हँडबिल छापताना तुमचं म्हणणं चालेल. फोटो पेपरवर लॅबचं मशीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशानेच फोटो उमटवतं, तिथे शाईच नसते. त्याला साधी sRGB फाईल लागते. उलट सीएमवायके करून दिलीत तर कधी फाईल उघडतच नाही, कधी रंग मरतात. स्क्रीन आणि कागद यांत फरक असतो हे मात्र तुमचं बरोबर. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत देतो.

विडी_घरकुल: माझ्याकडेपण हेच झालं! घरचा प्रिंटर आहे, आधारची झेरॉक्स काढली की काळे पट्टे येतात. ड्रम बदलायचा का टोनर?

गड्ड्याचा_फोटोवाला: लॅबवाले, बघितलं. सम्मती कट्ट्याजवळच्या फोटोत खांद्यावर १६८ च्या आसपास येतंय. दुसऱ्या दोन फोटोंत १६५ आणि १७२. लॅपटॉप कायम फुल ब्राइटनेसवर. आणि करेक्शन 'नको' सांगितलं होतं. मागच्या वेळी त्यांनी बहिणीच्या लग्नातले सगळे चेहरे गुलाबी करून ठेवले होते, म्हणून.

जुना_लॅबवाला: मग बऱ्याच अंशी दुकानदार खरं बोलला. उन्हातलं पांढरं कापड २३५-२४० च्या घरात असायला हवं. ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. २५५ ला पोचलं तर कापडाची वीण आणि चुण्या जातात, म्हणून थोडं खालीच. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. १६८ म्हणजे एक स्टॉपपेक्षा जरा जास्तच अंधार.

हे झालं कसं, तेही सांगतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत फ्रेमभर बाराबंदी. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मधल्या करड्यावर आणू बघतं. त्याला काय कळतं की समोर खरंच सगळं पांढरं आहे? तो उजेड कमी करतो. अशा वेळी एक्स्पोजर +1 करून घ्यायचं. काळ्या घोंगड्या पांघरलेली माणसं असती तर उलटं झालं असतं.

फुल ब्राइटनेसच्या लॅपटॉपने ही कसर झाकली. पडताळून बघायला एक कोरा पांढरा कागद दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनवरही कोरं पांढरं पान उघडा. स्क्रीनचं पांढरं आणि कागदाचं पांढरं सारखं दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा, मग तेच फोटो बघा.

गड्ड्याचा_फोटोवाला: केलं. कागदाशी जुळेपर्यंत ब्राइटनेस पार खाली आणावी लागली. तिथे बाराबंदी करडीच दिसते. शप्पथ सांगतो, पोटात गोळा आला.

सात_रस्ता: ते सगळं मान्य केलं तरी माझा मुद्दा राहतोच. गिऱ्हाईकाला स्टॉप आणि १६८ कळत नाही म्हणूनच तो दुकानात जातो ना? 'करेक्शन नको' म्हणजे 'काळं काढा' असं नव्हे.

जुना_लॅबवाला: 'नको' म्हटल्यावर ऑपरेटरने हात लावला असता तर तुम्हीच भांडायला आला असतात, की 'मी मुद्दाम अंधार ठेवला होता, तुम्ही उजळ का केलं?' होमाच्या रात्रीच्या फोटोत काळोख हवाच असतो. एक नमुना काढून दाखवायला हवा होता, एवढं मी मानतो. पण लग्नसराईत रांगेत हजारो प्रिंट असतात, कोण एकेक बघत बसतो?

फोनवाली_ताई: माझ्या आईच्या सत्तरीचे फोटो फोनवर कसले झगमगत होते! प्रिंट बघून तिने विचारलं, 'लाइट गेली होती का?' म्हणजे माझंही चुकलं का काय?

जुना_लॅबवाला: ताई, तुमच्याकडे आणखी एक भर पडली असेल. हल्लीचे बरेच फोन फोटोतला उजळ भाग स्क्रीनवर जास्तच चमकवून दाखवतात. ती चमक प्रिंटच्या फाईलमध्ये येत नाही.

गड्ड्याचा_फोटोवाला: आता एक गंमत. सहा फोटोंच्या दोन-दोन प्रती होत्या, एक काकांसाठी. दुसरी प्रत त्यांनी दोन दिवसांनी दिली होती. खिडकीशी शेजारी शेजारी ठेवल्या तर दुसऱ्या प्रतीत पांढऱ्यावर हिरवट झाक आहे, आणि ती पहिलीपेक्षाही काळी. फाईल तीच.

जुना_लॅबवाला: हे मात्र दुकानाकडेच जातं. एकच फाईल, एकच पेपर आणि दोन दिवसांत रंग वेगळा, म्हणजे मशीनचं कॅलिब्रेशन किंवा केमिकल ढळलं. प्रिंट पालथे करून बघा. काही मशीन मागे बारीक अक्षरात करेक्शन छापतात. तिथे N N N N असेल तर ऑपरेटरने हात लावलेला नाही. आकडा असेल तर 'नको' सांगूनही कुणीतरी बटण दाबलंय.

गड्ड्याचा_फोटोवाला: मागे फाईलचं नाव तेवढं आहे. ईमेल असा बदलला:

> महोदय, सोबत एकाच फाईलच्या दोन प्रिंटचा, दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे. दुसऱ्या प्रतीत हिरवट झाक आहे आणि ती जास्त काळी आहे. अशा सहा प्रती आहेत, त्या विनाशुल्क बदलून द्याव्यात. बाकीच्या ३४ फाईल मी उजळून देतो. त्याआधी एका फोटोची मूळ, थोडी उजळ आणि जास्त उजळ अशी तीन रूपं एकाच कागदावर छापून द्यावीत. नमुन्याचे पैसे देईन. ३४ प्रिंटसाठी काही सवलत देता येईल का?

जुना_लॅबवाला: आता दुकानदार वाचेल तरी. उजळताना सगळा फोटो सरसकट ओढू नका, आभाळ पांढरं फटक होईल. आणि नमुना दुकानातल्या ट्यूबखाली पसंत करू नका, घरी आणून खिडकीशी बघा.

सात_रस्ता: सवलत मागताय की भीक? मी अजूनही म्हणतो, ४० च्या ४० मागा.

सीएमवायके_अण्णा: आणि एकदा सीएमवायके करून बघा.

विडी_घरकुल: माझ्या ड्रमचं कुणी सांगेल का?