अनुभव धागा: बटणांवरची चकाकी, एबीएस की पीबीटी, आणि कॅपची उंची

मात्रावेलांटी (लोकमान्य नगर, इंदूर)

गेली नऊ वर्षं मी घरून मराठी मजकूर टंकते आणि मुद्रितं तपासते. रोज सहा-सात तास, सगळं इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेत. आत्ताचा मेकॅनिकल कीबोर्ड तीन वर्षांचा आहे. परवा सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि बटणं नीट पाहिली. नवीन असताना सगळी मऊ-खरखरीत, निस्तेज काळी होती. आता काही बटणांच्या मधोमध तूप लावल्यासारखे गोल डाग आहेत.

भाचा म्हणाला, "आत्या, जे कसं काय घासलं? इंग्रजीत जे फारसं येतच नाही." पण माझ्या जेवर र आहे! ई वर काना, डी वर हलन्त, व्ही वर न. हीच चार सगळ्यांत जास्त चकाकतात. क्यूवर औकाराची मात्रा, ते बटण अजून कोरं आहे. स्पेसबारवर उजव्या अंगठ्याखाली दीड इंचाचा पट्टा, डावीकडे काहीच नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही चकाकी पुसून जाते का? बटणांच्या नवीन कॅप घ्यायच्या तर एबीएस प्लास्टिकच्या घ्याव्या की पीबीटी प्लास्टिकच्या? आणि उंच कॅप घ्याव्या की बुटक्या? ऐकीव नको, तुमच्या हाताखाली जे घडलं ते लिहा.

सेव_जिरावण

ताई, ते तेल आहे. मी पोहे खाता खाता काम करतो, माझा कीबोर्ड दोन महिन्यांत असा होतो. कॅप काढून कोमट पाण्यात थोडं डिशवॉश टाकून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, रात्रभर पालथ्या ठेवून वाळवा. नव्यासारखा होतो. नवीन घ्यायची गरजच नाही.

मात्रावेलांटी

काल हेच केलं. पाणी चांगलंच गढूळ झालं आणि कडांचा चिकटपणा गेला. पण वाळल्यावर मधले डाग तसेच आहेत, उलट आता जास्त स्पष्ट दिसतात.

साचेवाला (पिथमपूर)

अठरा वर्षं इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे. गाड्यांचे आतले भाग करतो, कीकॅप कधी केल्या नाहीत, पण प्लास्टिक तेच.

निस्तेजपणा हा रंग नाही, पोत आहे. साच्याच्या आतल्या भिंतीवर बारीक दाणा काढलेला असतो आणि तो भागावर उमटतो. दाण्यावर उजेड चारी बाजूंना विखुरतो म्हणून पृष्ठभाग मंद दिसतो. बोट रोज हजारो वेळा त्याच जागी टेकतं आणि सरकतं. त्वचा, घाम, धुळीचे कण मिळून तो दाणा हळूहळू सपाट करतात. सपाट झालं की उजेड आरशासारखा एका बाजूला परततो. म्हणजे तुमच्या बटणावर काही चढलेलं नाही, वरचा दाणा उतरला आहे. सेव_जिरावण यांचं अर्धं बरोबर: तेलाने तात्पुरती चमक येते आणि ती धुतली जाते. धुऊनही राहिली ती झीज. झीज परत येत नाही.

एबीएस मऊ, त्यामुळे तो दाणा लवकर जातो. पीबीटी कडक आहे आणि तेल-रसायनांना जास्त दाद देत नाही, म्हणून त्याचा दाणा बराच टिकतो. पण तोही कधीतरी सपाट होतो. "पीबीटी कधीच चमकत नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नवी_गिऱ्हाईक

माझंही हेच झालंय! आठ महिन्यांत ए, एस आणि एन ही अक्षरंच गायब झाली. पीबीटी घेतलं तर अक्षरं राहतील ना?

साचेवाला (पिथमपूर)

ताई, तुमचा आजार वेगळा. तुमची अक्षरं वरून शाईने छापलेली असणार, ती निघाली. पीबीटीवरही वरून छापलं तर निघेलच. अक्षर टिकणं हे ते कसं बसवलं यावर आहे. डबलशॉटमध्ये अक्षर हा दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचा वेगळा तुकडा असतो, आरपार गेलेला, तो पुसायला काही उरतच नाही. दुसरी रीत डाय-सब्लिमेशनची: तापवून रंग प्लास्टिकच्या आत मुरवतात. त्याला साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास ताप लागतो. एबीएस 105 च्या आगेमागे मऊ पडतं, म्हणून हे काम पीबीटीवरच होतं. रंग मुरवायचा असल्याने अक्षर कॅपपेक्षा गडदच असावं लागतं. फिक्या कॅपवर गडद अक्षरं इतकी दिसतात ती म्हणूनच.

रात्रपाळी

खालून दिवा लागणाऱ्या माझ्या कीबोर्डवर कॅप अजून निस्तेज आहे आणि फक्त अक्षर चकाकतं. एन तर लांबून ओला वाटतो. कंपनीने पीबीटी लिहिलंय. फसवणूक आहे का?

साचेवाला (पिथमपूर)

तसं नसावं. उजेड आरपार जावा म्हणून अक्षराचा तुकडा पारदर्शक लागतो. तो बहुतेक वेळा अंगापेक्षा वेगळ्या, मऊ प्लास्टिकचा असतो. अंग पीबीटी आणि अक्षर दुसरं, म्हणून झीज अक्षरावर आधी दिसते.

मात्रावेलांटी

मग पीबीटी ओळखायचं कसं? जेल रोडवर एका दुकानात पांढरट संच मिळाला, खोक्यावर पीबीटी छापलंय. हाताला खरखरीत लागतो, पण खरखर तर माझ्या जुन्यालाही होती.

सेव_जिरावण

नेलपॉलिश रिमूव्हर लावा. ॲसिटोनने एबीएस विरघळतं, पीबीटीला काही होत नाही. फक्त आतल्या बाजूला लावा. मी एकदा वरून लावलं, एस्केप बटण पांढरं आणि चिकट झालं, बोटाचा ठसा कायमचा बसला.

साचेवाला (पिथमपूर)

त्यापेक्षा मीठ-पाणी करा, काही बिघडत नाही. एबीएसची घनता 1.05 च्या आसपास, पीबीटीची 1.3. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. 200 मिली पाण्यात 40 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, पाणी साधारण 1.12 वर जातं. एबीएस वर राहील, पीबीटी तळाला जाईल. कॅप पालथी टाकू नका, पोकळीत हवा अडकते आणि काहीही तरंगतं. पाण्याखाली धरून तिरपी करा, बुडबुडे निघू द्या, मग सोडा. आणि एक मर्यादा: बुडाली म्हणजे पीबीटीच असं सिद्ध होत नाही, पॉलीकार्बोनेटही बुडतं. तरंगली तर मात्र ती पीबीटी नाही, हे नक्की.

मात्रावेलांटी

केलं. आईची पोळ्यांच्या पिठाची वजनकाटी घेतली, 40 ग्रॅम मीठ, काचेच्या भांड्यात पाणी निवळेपर्यंत ढवळलं. जुन्या कीबोर्डचं जे आधी: बुडबुडे काढून सोडलं तर सावकाश वर आलं. नव्या संचातलं जे सरळ तळाला गेलं, भांड्याला लागल्याचा टक आवाजही आला. एंटर, शिफ्ट, आकडे, सगळे बुडाले. शेवटी नवा स्पेसबार आडवा धरून हवा काढली आणि सोडला. तो वर आला. तीनदा केलं, तिन्ही वेळा वर.

खोक्यावर तर पूर्ण संच पीबीटी म्हटलंय. मला खरंच वाईट वाटलं, कारण माझा सगळ्यात जास्त घासलेला भाग स्पेसबारच आहे.

साचेवाला (पिथमपूर)

खोक्यावर सांगायला हवं होतं, हे खरं. पण कारण समजून घ्या. साच्यातून निघाल्यावर थंड होताना एबीएस अर्धा टक्का आकसतं, पीबीटी दीड ते दोन टक्के. नेहमीचा स्पेसबार सव्वासहा बटणांच्या लांबीचा, म्हणजे सुमारे 119 मिमी. त्यात एबीएस 0.6 मिमीच्या आसपास आकसेल, पीबीटी 1.8 ते 2.4 मिमी. ते सगळीकडे सारखं आकसलं तर साचा तेवढा मोठा करून भागतं. पण लांब, पातळ पट्टी एका बाजूने आधी थंड होते आणि केळ्यासारखी वाकते. वाकलेला स्पेसबार एका टोकाला अडकतो, दुसऱ्या टोकाला खडखडतो. म्हणून पुष्कळ जण स्पेसबार एबीएसचाच देतात. पीबीटीचा घ्याल तर आधी काचेवर पालथा ठेवून कोपरे दाबून बघा. डुगडुगला तर परत करा.

कोर्टकचेरी

मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिलांची टंकनाची कामं करायचो, सुरुवात टाइपरायटरवर. उंच बटणांची सवय, म्हणून निवृत्तीनंतर एसए प्रोफाइल, म्हणजे त्या आकाराच्या उंच कॅप घेतल्या, गोल खड्ड्याच्या माथ्याच्या. बोट त्या खड्ड्यात आपोआप बसतं आणि दाबल्यावर भारदस्त वाटतं. पण पंधरा दिवसांत मनगट दुखायला लागलं. फूटपट्टीने टेबलापासून मधल्या ओळीचा माथा मोजला: आधीच्या कॅपवर 30 मिमी, एसएवर 35. बटण मात्र आधीइतकंच, 4 मिमी खाली जातं. म्हणजे दाब बदलला नाही, हाताची उभारणी बदलली. तळहाताखाली 20 मिमीची लाकडी पट्टी ठेवली तेव्हा बरं वाटलं.

साचेवाला (पिथमपूर)

काका, अजून एक बघा: कॅपच्या कडेला दाबलंत तर ती जास्त डुलते का? उंच कॅप म्हणजे लांब दांडा, कॅपखालच्या स्विचचा तेवढाच सैलपणा माथ्यावर मोठा जाणवतो.

कोर्टकचेरी

डुलते. आकड्यांच्या ओळीत तर जास्तच.

हॉस्टेल_आरके

बुटक्या चेरी प्रोफाइलबद्दल एक सावधगिरी. मी नेहमीच्या ओईएम कॅप काढून चेरी लावल्या. बोट कमी उचलावं लागतं, वरच्या ओळीपर्यंत पोचणं सोपं झालं. पण मधल्या ओळीत बटण तळाला जाताना टक असा कोरडा आवाज यायचा, वरखालच्या ओळींत नाही. आठवडा स्विचला दोष दिला. मग कळलं, माझ्या बोर्डात स्विचचा दिव्याचा कप्पा वरच्या बाजूला आहे आणि मधल्या ओळीच्या कॅपची भिंत स्विचच्या डोक्याला आधीच टेकते, पूर्ण 4 मिमी जातच नाही. कप्पा खालच्या बाजूला असलेल्या बोर्डात ही कटकट नाही.

मात्रावेलांटी

कॅप काढून पाहिलं, माझा कप्पा खाली आहे. म्हणून जेल रोडचा तो संच, चेरी प्रोफाइलचा, लावला. इन्स्क्रिप्टमध्ये काना, ह, द, ज वरच्या ओळीत आणि म, न, व, स खालच्या ओळीत, म्हणजे माझी बोटं सतत तिन्ही ओळींत फिरतात. ई वर जाताना आता मनगट उचलत नाही, एवढा फरक दुसऱ्याच दिवशी कळला. सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असलेला एक्सडीए भाच्याकडे वापरून पाहिला. त्यावर न शोधताना बोट चुकायचं, कारण ओळ बदलल्याचं बोटाला समजतच नाही.

रात्रपाळी

मला एक्सडीएच आवडतो. माथा सपाट-रुंद आहे आणि कुठलीही कॅप कुठेही बसते. ज्याच्या त्याच्या बोटांचं आहे. आणि साचेवाले, माझ्या मित्राचं पीबीटी दीड वर्षात चमकलं आणि माझं तीन वर्षांत नाही. असं का?

साचेवाला (पिथमपूर)

दाणा किती खोल होता, प्लास्टिकमध्ये काय मिसळलं होतं, कुणाच्या हाताला किती घाम येतो, इथे तीनही गोष्टी येतात. यातली कुठली जास्त, हे खोक्यावरून सांगता येत नाही.

मात्रावेलांटी

जुना स्पेसबार नव्या संचासोबत चालतोय, तूर्त तोच लावलाय. उजव्या अंगठ्याचा चकचकीत पट्टा आता डावीकडे यावा म्हणून उलटा फिरवून बसवला. पुढची कड जरा उंच लागते, पण अंगठ्याखाली पुन्हा खरखर आहे.