अनुभव धागा: कार्डाच्या स्टेटमेंटच्या आगेमागे केलेली खरेदी

निशिगंधा

क्रेडिट कार्डाच्या तारखांवर इकडे-तिकडे तुटक बोलणं होतं, म्हणून हा स्वतंत्र धागा. मला एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. स्टेटमेंटच्या तारखेच्या दोन दिवस आधी किंवा दोन दिवस नंतर मोठी खरेदी केली, तर तुमच्या बाबतीत पैसे भरायची वेळ नेमकी कधी आली?

माझ्या कार्डाचं सांगते. दर महिन्याच्या १० तारखेला स्टेटमेंट बनतं आणि त्यानंतर २० दिवसांनी भरायची शेवटची तारीख येते. म्हणजे १० जुलैला काही घेतलं तर ते त्याच दिवशीच्या स्टेटमेंटमध्ये जाणार आणि ३० जुलैला पैसे भरायचे, हातात २० दिवस. तीच वस्तू ११ जुलैला घेतली तर ती १० ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि पैसे ३० ऑगस्टला जातात. एक दिवस थांबलं की थेट ५० दिवस. हे कळल्यापासून मी मोठ्या वस्तू ११ तारखेनंतरच घेते.

पण गेल्या खेपेला उलटंच झालं. ९ तारखेला संध्याकाळी दिलेली ऑर्डर १० च्या स्टेटमेंटमध्ये दिसलीच नाही. फायदा माझाच झाला, पण कारण कळलं नाही. असं आणखी कुणाचं झालंय का?

शशांक_प

यात एवढं काय आहे? माझ्या कार्डावर सरळ लिहिलंय की ५० दिवस बिनव्याजी. कधीही घ्या, ५० दिवस मिळतात. मी तारखा बघतच नाही. ऑटो-पे लावून ठेवलंय, पूर्ण रकमेचं.

माधवी

शशांक, 'पर्यंत' हा शब्द वाचायचा राहिला बघा. ५० दिवसांपर्यंत असं लिहिलेलं असतं. चक्राच्या पहिल्या दिवशीच्या खरेदीला सगळ्यात जास्त दिवस मिळतात, मग रोज एकेक दिवस गळत जातो आणि स्टेटमेंटच्या दिवशीच्या खरेदीला फक्त २० उरतात. पहिल्या दिवसाचा आकडासुद्धा दर महिन्याला सारखा नसतो. निशिगंधाच्याच तारखा घ्या. ११ फेब्रुवारीची खरेदी ३० मार्चला भरायची, म्हणजे ४७ दिवस, कारण फेब्रुवारी तोकडा.

पूर्ण रकमेचं ऑटो-पे आहे म्हणून तुम्हाला फरक जाणवत नाही, इतकंच. ते मात्र उत्तम केलंत.

गोरक्ष

माझा अनुभव वेगळा आहे. मी शेवटच्या तारखेला बिल भरतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मनाने खरेदी करतो, कारण नवा महिना तिथूनच सुरू होतो. बरेच दिवस मिळतात.

माधवी

गोरक्ष, नवा महिना भरायच्या तारखेनंतर नाही, स्टेटमेंटनंतर सुरू होतो. तुमचं स्टेटमेंटही १० ला आणि शेवटची तारीख ३० असेल, तर ३१ पर्यंत नव्या चक्राचे वीस दिवस उलटून गेलेले असतात. ३१ जुलैच्या खरेदीचे पैसे ३० ऑगस्टलाच भरायचे, म्हणजे ३० दिवस. वाईट नाही, पण ५० सुद्धा नाहीत.

गोरक्ष

हं. आता जुनी स्टेटमेंट काढून बघतो.

विसोबा

निशिगंधाताई, तुमच्या ऑर्डरचं कोडं सुटण्यासारखं आहे. माझं काम विक्रेत्याच्या बाजूचं. रोजच्या कार्ड व्यवहारांचा हिशोब मी जुळवतो, तेव्हा हे रोज डोळ्यांखालून जातं.

तुम्ही 'पैसे द्या' बटण दाबता तेव्हा बँक फक्त होकार देते आणि तुमच्या मर्यादेतून तेवढी रक्कम अडवून ठेवते. खरी नोंद विक्रेता तो व्यवहार पुढे पाठवतो तेव्हा होते. दुकानातल्या मशीनवर हे बहुधा रात्री दिवसाचा गल्ला बंद करताना होतं आणि नोंद एक-दोन दिवसांत पडते. ऑनलाइन विक्रेते पुष्कळदा माल रवाना करतानाच रक्कम उचलतात. तुमची ऑर्डर ९ ला झाली, माल १२ ला निघाला, तर नोंद १२ ची किंवा त्यानंतरची. व्यवहार कोणत्या स्टेटमेंटमध्ये जाणार हे साधारणपणे नोंदीची तारीख ठरवते, तुम्ही बटण कधी दाबलं ते नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. ८-९ तारखेची खरेदी पुढच्या महिन्यात ढकलली जाऊ शकते, पण त्यावर भरवसा ठेवू नका. कधी नोंद त्याच रात्री पडते. आणि एकाच ऑर्डरमधल्या दोन वस्तू वेगवेगळ्या दिवशी निघाल्या, तर रक्कम दोन तुकड्यांत येते आणि ते तुकडे दोन वेगळ्या स्टेटमेंटमध्ये जाऊ शकतात. मग लोक विचारतात, बिल अर्धंच कसं आलं?

ओळखायचं कसं? ॲपमध्ये व्यवहार 'प्रलंबित' दिसतोय तोवर तो कुठल्याच स्टेटमेंटचा नाही. स्टेटमेंटच्या दिवशी रात्रीपर्यंत तो प्रलंबितच असेल तर पुढच्या महिन्यात गेला असं धरा.

केतकी

मी याच महिन्यात स्टेटमेंटच्या दुसऱ्याच दिवशी कार्डावरून एटीएममधून रोख काढली, जास्तीत जास्त दिवस मिळावेत म्हणून. तरी व्याज लागलं. ही बँकेची चूक ना? तक्रार करू का?

विसोबा

चूक नाही केतकी. बिनव्याजी मुदत खरेदीला असते, रोख काढण्याला सहसा नसते. त्यावर काढल्या दिवसापासून व्याज चालू होतं आणि बहुधा वेगळं शुल्कही लागतं. रोख काढताना स्टेटमेंटची तारीख बघून उपयोग नाही. जितक्या लवकर परत भराल तितकं बरं.

मिलिंद_र

माझे पैसे ठरलेल्या तारखेला येत नाहीत, कामागणिक येतात. म्हणून मी दोन कार्डं ठेवलीत, एकाचं स्टेटमेंट ५ ला, दुसऱ्याचं २० ला. ६ ते २० पहिलं वापरायचं, २१ ते ५ दुसरं. त्यामुळे कुठलीही खरेदी चक्राच्या पहिल्या अर्ध्यातच पडते. चालतं छान, पण दोन्हीकडे शेवटच्या तारखा सांभाळाव्या लागतात. ज्याला एक तारीख लक्षात राहत नाही त्याने हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. मी शेवटच्या दिवशी भरत नाही. दुसऱ्या बँकेतून पाठवलेले पैसे कार्डाच्या खात्यात जमा व्हायला कधी एक दिवस जातो, आणि जमा कधी झाले तेच बघितलं जातं.

अनघा

थोडी वेगळी शंका. किमान रक्कम भरली की व्याज लागत नाही ना? माझे दीर दोनेक महिने तेच करताहेत आणि म्हणतात, दंड येत नाही म्हणजे सगळं ठीक.

विसोबा

अनघाताई, दंड येत नाही हे खरं. व्याज मात्र लागतं, आणि इथेच ते दिवस मोजून ठरवलेल्या खरेदीचं सगळं गणित कोसळतं. निशिगंधाताईंच्याच तारखा घेऊन दाखवतो. व्याजदर वर्षाला ३६ टक्के धरतो.

११ जुलैला ४०,००० ची खरेदी. १० ऑगस्टला स्टेटमेंट, ३० ऑगस्टला भरायचे. समजा त्या दिवशी ३९,००० भरले, १,००० राहिले. बहुतेकांना वाटतं की व्याज त्या हजारावर लागेल. पुष्कळ कार्डांवर तसं होत नाही. पूर्ण रक्कम न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि ४०,००० वर ११ जुलैपासून ३० ऑगस्टपर्यंत, म्हणजे ५० दिवसांचं व्याज बसतं. दिवसाला ३९ रुपयांच्या वर जातं, एकूण १,९७३. उरलेल्या हजारावर १० सप्टेंबरपर्यंतचे ११ रुपये वेगळे.

अजून संपलं नाही. मधे १६ ऑगस्टला २०,००० ची नवी खरेदी केली होती असं धरा. एरवी तिला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत होती. आता मागची बाकी असल्यामुळे तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज, १० सप्टेंबरपर्यंत २५ दिवसांचं ४९३. हजार रुपये मागे ठेवल्याचा खर्च २,४७७, आणि करभार असेल तो वेगळा.

गंमत बघा, या हिशोबात ११ जुलैला खरेदी केल्याचा फायदा तोट्यात बदलला. जितके जास्त दिवस मिळवले, तितक्या जास्त दिवसांचं व्याज मागे लागलं. काही कार्डं भरलेली रक्कम वजा करून फक्त उरलेल्यावर व्याज लावतात, म्हणून दिरांना त्यांच्या कार्डाच्या अटींत व्याज कसं मोजतात तो परिच्छेद वाचायला सांगा.

अनघा

बापरे. आज रात्रीच सांगते. पण पुढच्या महिन्यात पूर्ण भरलं की मुदत परत मिळते ना?

माधवी

हो, एकदा पूर्ण भरलं की पुढच्या खरेदीपासून मिळते.

मिलिंद_र

माझ्या एका कार्डावर तसं झालं नव्हतं. पूर्ण भरूनही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज आलंच.

विसोबा

ते शेपूट असतं. वरच्या उदाहरणात १० सप्टेंबरला स्टेटमेंट बनलं, पैसे ३० ला भरले. मधल्या २० दिवसांचं २१,००० वरचं व्याज, ४१४ च्या आसपास, त्या स्टेटमेंटमध्ये नव्हतं, ते ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये दिसतं. पण मधल्या काळातल्या नव्या खरेदीला मुदत लगेच मिळते की सलग दोन स्टेटमेंट पूर्ण भरावी लागतात, यात कार्डाकार्डांत फरक मी पाहिलाय. त्यामुळे माधवीताई आणि मिलिंद दोघंही आपापल्या कार्डापुरते बरोबर असू शकतात.

रोहिणी

परत केलेल्या वस्तूंचं कुणीच बोललं नाही. ८ तारखेला वस्तू घेतली, १० च्या स्टेटमेंटमध्ये आली, १५ ला परत केली, २० ला पैसे कार्डावर परत जमा झाले. माझ्या बहिणीने ती रक्कम वजा करून उरलेलं भरलं. तिच्या बँकेने परतावा हा भरणा धरला नाही आणि पूर्ण भरलं नाही म्हणून व्याज लावलं. आता तिच्याकडे नियम असा की स्टेटमेंटवर छापलेली रक्कम पूर्ण भरायची, परतावा पुढच्या महिन्यात आपोआप वळता होतो.

शशांक_प

माझ्या ऑटो-पेमध्येही असंच होतं. परतावा आला तरी पूर्ण रक्कम कापली जाते आणि कार्डावर उलट शिल्लक दिसते. मला वाटायचं यंत्रणेत घोळ आहे.

गोरक्ष

स्टेटमेंट काढून बघितली. माझं स्टेटमेंट १८ ला बनतं आणि मी बहुतेक मोठ्या खरेद्या ८-९ तारखेला केल्यात. माधवीताई म्हणतात तेच. बँकेला सांगून ही तारीखच बदलून घेता येते असं ऐकलंय. १८ ची ५ केली तर बदलाच्या महिन्यात चक्र आखूड होतं की लांब? कुणी करून घेतलंय का?

निशिगंधा

विसोबा, माझ्या ऑर्डरची नोंद खरंच १२ ची निघाली. गोरक्ष यांच्या प्रश्नाला ज्यांचा अनुभव असेल त्यांनी जुनी आणि नवी, दोन्ही तारखा लिहा, म्हणजे मधल्या चक्राचे दिवस मोजता येतील.