मदत हवी आहे: जिफमधल्या मधल्या फ्रेम काढल्यावर लूपला झटका बसतो

प्रयोगवही:
साध्या दोलकाचे एक जिफ मी वर्गात दाखवण्यासाठी तयार केले आहे. मूळ जिफ अखंड फिरते आणि शेवटाकडून सुरुवातीकडे जाताना कोणताही झटका जाणवत नाही. मात्र ४६ ते ६३ या फ्रेममध्ये एका विद्यार्थ्याचा हात आला आहे. त्या १८ फ्रेम मी gifsicle वापरून काढल्या, तर दोलक मध्येच उडी मारतो आणि हाताचे काही तुकडे पुढच्या फ्रेममध्ये तसेच राहतात. उद्या पहिल्याच तासाला हे दाखवायचे आहे, म्हणून कृपया थेट आज्ञा सांगावी.

टाकसाळ:
जिफवर थेट काम करण्याचा हट्टच चुकीचा आहे. मी नेहमी आधी त्याचा व्हिडिओ करतो, नको असलेला भाग कापतो आणि शेवटी पुन्हा जिफ करतो. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण दिसते, त्यामुळे तुकडे राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कळफलक:
आपण नेमकी कोणती आज्ञा दिलीत, ते लिहिलेले नाही. फ्रेमचे क्रमांक कुठे पाहिलेत, एकूण फ्रेम किती आहेत आणि प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबते, हेही कळले पाहिजे. खालील आज्ञेने जी यादी येते, तिच्या पहिल्या काही ओळी येथे द्याव्यात.

```
gifsicle -I dolak.gif
```

रानजाई:
माझ्याकडचे जिफ व्हॉट्सॲपवर पाठवताना फार मोठे होत होते. रंगांची संख्या ६४ वर आणल्यावर ते बरेच लहान झाले. आपणही तसे करून पाहावे.

प्रयोगवही:
आकाराची अडचण नाही. हात काढायचा आहे. यादीत एकूण १२० फ्रेम दिसतात आणि प्रत्येकीपुढे delay 0.05s असे लिहिले आहे. पहिली फ्रेम पूर्ण आकाराची, म्हणजे ४८० बाय २७० आहे. पुढच्या फ्रेम मात्र लहान-मोठ्या आकाराच्या असून त्यांच्यापुढे at 96,40 असे काहीतरी येते. क्रमांक मी गिंपच्या थरांच्या यादीत मोजले. आज्ञा साधीच होती:

```
gifsicle dolak.gif --delete "#46-63" --done -o kapleli.gif
```

कळफलक:
तुकडे का राहतात, ते या यादीतूनच स्पष्ट होते. आपल्या जिफमध्ये पहिली फ्रेम सोडली तर बाकीच्या फ्रेम पूर्ण चित्रे नाहीत. आधीच्या चित्रात जेवढा भाग बदलला, तेवढाच चौकोन पुढच्या फ्रेममध्ये साठवलेला आहे. हात ज्या फ्रेममध्ये पुसला जातो तीच आपण काढून टाकली, तर तो पुसायला कोणी उरत नाही. म्हणून कापण्याआधी -U हा पर्याय देऊन प्रत्येक फ्रेम पूर्ण करून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे. gifsicle शून्यापासून मोजते आणि आपण थर एकापासून मोजलेले दिसतात. तसे असेल, तर हात प्रत्यक्षात ४५ ते ६२ मध्ये आहे. आपण हाताची पहिली फ्रेम आत ठेवलीत आणि एक चांगली फ्रेम बाहेर काढलीत.

मात्र -U दिल्याने झटका जाणार नाही. त्याचे कारण वेगळे आहे. दोऱ्याची लांबी किती होती?

प्रयोगवही:
दोऱ्याच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर. त्याचा येथे काय संबंध?

कळफलक:
सगळा संबंध तिथेच आहे. एक मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल जवळपास २ सेकंद असतो. आपली फ्रेम ०.०५ सेकंद थांबते, म्हणजे एका पूर्ण दोलनाला ४० फ्रेम लागतात आणि १२० फ्रेममध्ये तीन दोलने बसतात. मूळ लूप विनाझटका फिरतो तो म्हणूनच. आपण १८ फ्रेम काढल्या, म्हणजे जवळपास अर्धे दोलन काढले; त्यामुळे गोळा एका बाजूला असताना पुढच्याच फ्रेममध्ये भलतीकडे दिसू लागतो. हात १८ फ्रेमपुरता असला, तरी काढायच्या ४०.

आता त्या ४० फ्रेम कुठून सुरू करायच्या, ते ठरवू. ४५ ते ६२ हा भाग त्यांत पूर्ण यायला हवा, म्हणून सुरुवात २३ ते ४५ यांपैकी कुठेही चालेल. गोळा टोकाला असतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे तिथे थोडा फरक राहिला तरी डोळ्याला कळत नाही. मधोमध मात्र वेग सर्वाधिक असल्याने एका फ्रेमची चूकही दिसते. फ्रेम ० मध्ये गोळा टोकाला असेल, तर ४० आणि ८० मध्येही तो त्याच टोकाला असेल. म्हणून ४० ते ७९ काढावे:

```
gifsicle -U dolak.gif "#0-39" "#80-119" -O2 -l -o dolak2.gif
```

अवतरणचिन्हे गाळू नयेत. नाहीतर लिनक्सवर # पासून पुढचे सगळे टिपण समजून सोडून दिले जाते. -l मुळे लूप अखंड राहतो.

टाकसाळ:
एवढा खटाटोप कशासाठी? व्हिडिओत हेच काम डोळ्याने पाहून दोन मिनिटांत होते.

कळफलक:
व्हिडिओत कापले तरी ४० फ्रेमच कापाव्या लागतील. दोलनकाल बदलत नाही. शिवाय परत जिफ करताना २५६ रंगांची निवड पुन्हा होते, आणि ती नीट झाली नाही तर साध्या भिंतीवर दाणे उमटतात. मूळ फाइल व्हिडिओच असती, तर आपले म्हणणे मी मान्य केले असते.

निळा_पेन:
कापलेल्या जागी चार-पाच फ्रेम एकमेकींत विरघळवल्या, तर झटका मुळीच जाणवणार नाही. मी एका समुद्राच्या लाटेच्या जिफला हेच केले होते.

कळफलक:
लाटेला ते शोभते. येथे मात्र त्या चार-पाच फ्रेममध्ये दोन अर्धपारदर्शक गोळे दिसतील, आणि मुले पहिला प्रश्न त्याचाच विचारतील.

प्रयोगवही:
आज्ञा चालवल्यावर GIF too complex to unoptimize अशी सूचना आली.

कळफलक:
काही फ्रेमना स्वतःची वेगळी रंगतालिका असेल, तर असे होते. आधी रंग २५५ वर आणावेत आणि नंतर वरचीच आज्ञा नव्या फाइलवर चालवावी.

```
gifsicle --colors=255 dolak.gif -o dolak255.gif
```

प्रयोगवही:
जमले. तुकडे गेले आणि मधला झटकाही गेला. मात्र नीट पाहिले, तर ३९ नंतर गोळा टोकाला किंचित कमी जातो.

कळफलक:
हवेमुळे आयाम हळूहळू घटतो, त्याची ती खूण आहे. मूळ जिफमध्ये तीन दोलनांची घट लूपच्या जोडावर एकदम भरून निघत होती. आता तिचा काही भाग मधल्या जोडावर दिसतो. दोन फ्रेम किती जुळतात, ते मोजता येते:

```
magick dolak255.gif -coalesce f%03d.png
magick compare -metric RMSE f040.png f080.png null:
```

कंसातला आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोड चांगला. ३९ किंवा ४१ शी ८० ताडून पाहावी. त्यांपैकी एखादी जास्त जुळत असेल, तर कापण्याची सीमा एका फ्रेमने सरकवावी.

ओढ्याकाठी:
मुळात तीन दोलने हवीतच कशाला? "#0-39" एवढेच ठेवले, तर मधला जोडच उरत नाही आणि लूपच्या जोडावरही एकाच दोलनाची घट राहते.

कळफलक:
हे माझ्या उपायाहून सरस आहे.

प्रयोगवही:
तसे केले असते, पण कोपऱ्यात चालू घड्याळ ठेवले आहे. दहा दोलनांचा वेळ मोजून दोलनकाल काढायचा असतो, हे मुलांना त्यावरून दाखवायचे आहे. आता ते २ सेकंदांवरून एकदम ४ वर जाते, आणि एकच दोलन ठेवले तर २ वरून शून्यावर येईल.

कळफलक:
घड्याळाचा उल्लेख आधी यायला हवा होता. दोलक दर ४० फ्रेमनी स्वतःच्या जागी परत येतो, घड्याळ येत नाही. फ्रेम काढून हे दोन्ही एकाच वेळी जुळणार नाही. --crop ने कोपरा कापता येईल, पण मग वेळ वर्गातल्या घड्याळावरच मोजावा लागेल.

टाकसाळ:
म्हणजे हात झाकण्यासाठी त्या १८ फ्रेमवर भिंतीचा तुकडा चिकटवणे, हाच मार्ग उरतो.

ओढ्याकाठी:
हात गोळ्याच्या वाटेत येतो की बाजूला राहतो, यावर ते अवलंबून आहे. एखादी फ्रेम येथे दाखवाल का?