मदत हवी आहे: गेस्टने वाइन दोनदा परत पाठवली, पैसे माझ्या पगारातून कापणार म्हणतात

मांद्रेकर_पोर
कळंगुटजवळच्या एका रेस्टॉरंटात सात महिने झाले. काल रात्री सहा नंबर टेबलावर गेस्टने वास घेतला आणि 'कॉर्क्ड आहे' म्हणून बाटली परत दिली. दुसरी आणली, तीही परत. कॅप्टन म्हणतो तू उघडताना बूच फोडलंस, दोन्हीचे पैसे तूच भर. वाइन सर्व्ह करायच्या नक्की स्टेप्स काय? लवकर सांगा, चारला ड्युटी आहे.

शॅकवाला
बूच फोडलंस तर चूक तुझीच रे. स्क्रूची टोपी असलेल्या बाटल्या ठेवा, कटकट मिटली. आमच्याकडे दहा वर्षांत एकही परत आली नाही.

जुनाकॅप्टन
थांबा जरा. रेड की व्हाइट? बूच तुटलं की भुगा वाइनमध्ये पडला? उरलेल्या वाइनचा वास तू स्वतः घेतलास का?

मांद्रेकर_पोर
रेड. भुगा पडला होता. वास घेतला. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा.

जुनाकॅप्टन
मग गेस्ट बरोबर बोलला. भुगा पडणं आणि कॉर्क्ड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुगा म्हणजे ओपनरचा स्क्रू मधोमध न घालता वाकडा घातलास किंवा बूच आरपार भोसकलंस. वाइन चांगलीच असते, गाळून घेता येते. कॉर्क्ड म्हणजे बुचातलाच दोष वाइनमध्ये उतरतो. वास ओल्या पुठ्ठ्याचा, फळाचा गंध मेलेला. पिऊन अपाय नाही, पण ती बाटली तुझ्या हातात यायच्या आधीच बिघडलेली होती. पहिल्या बाटलीचे पैसे तू का भरायचे?

सोलकढी_प्रेमी
डिकँटरमध्ये ओतून अर्धा तास ठेवायची. वास उडून जातो. मी स्वतः पाहिलंय.

जुनाकॅप्टन
तुम्ही पाहिला तो जळलेल्या काडीसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल. तो हवेने बराच जातो. पुठ्ठ्याचा जात नाही, उलट ग्लासात जास्तच जाणवायला लागतो.

सोलकढी_प्रेमी
पुठ्ठ्याचाच होता. असो.

फोंड्याची_वैनी
आमच्या घरच्या फेणीला यंदा बुचाचा वास लागलाय, काचेच्या बरणीत काढली तर जाईल का?

शॅकवाला
वैनी, वेगळा धागा काढा की!

जुनाकॅप्टन
पोरा, एक सांग. पहिली बाटली कोणाकोणाला ओतलीस? आणि दुसरी कोणत्या ग्लासांत?

मांद्रेकर_पोर
गर्दी होती, चौघांनाही एकदम ओतली. दुसरी त्याच ग्लासांत. पहिली टाकून दिली होती ना.

जुनाकॅप्टन
इथे गडबड झाली. ज्याने ऑर्डर दिली त्याला आधी बाटली दाखवायची, लेबल त्याच्याकडे, नाव आणि साल तोंडाने सांगायचं. तो 'हो' म्हणाल्यावर त्याच्यासमोरच फॉइल बाटलीच्या तोंडाच्या खालच्या कडेखाली कापायची, बूच काढायचं, बाटलीचं तोंड पुसायचं. मग फक्त त्याला घोटभर, ३० मिलीच्या आसपास. आणि गप्प उभं राहायचं. त्याने होकाराची मान हलवली की बाकीच्यांना, त्याचा ग्लास शेवटी. म्हणजे वाइन बिघडलेली निघाली तर एकच ग्लास खराब होतो, तुझे चार झाले.

परत दिली तर वाद घालायचा नाही. बाटलीसोबत ग्लासही उचलायचे, कोरे ग्लास आणायचे, नवी बाटली पुन्हा दाखवून पुन्हा चाखायला द्यायची. हा वास इतका चिवट असतो की तळाला उरलेला थेंबही नव्या वाइनला लागतो. तुझी दुसरी बाटली चांगलीही असू शकेल. ती आणि दोन्ही बुचं आहेत का?

मांद्रेकर_पोर
पहिली बाटली सिंकमध्ये ओतली, बुचं कचऱ्यात. दुसरी फ्रीजमध्ये आहे.

जुनाकॅप्टन
खराब बाटली कधी ओतायची नाही रे! बूच लावून बाजूला ठेवायची, म्हणजे मॅनेजरला सप्लायरकडे बदलून मागता येते. आता ड्युटीवर गेल्यावर दुसरी बाटली कोऱ्या ग्लासात ओतून कॅप्टनला वास घ्यायला दे.

शॅकवाला
आणि म्हणूनच म्हणतो, स्क्रूची टोपी.

मांद्रेकर_पोर
आत्ताच आलो. कपाटातून कोरा ग्लास काढला, दुसरी बाटली ओतली, तर पुन्हा थोडा पुठ्ठ्याचा वास. मग रिकामा ग्लास हुंगला, त्यालाही तोच! ग्लास पुठ्ठ्याच्या खोक्यांतच उपडे ठेवलेत आणि पावसाने कपाट ओलं झालंय. आता वास वाइनला की ग्लासाला?

जुनाकॅप्टन
ग्लास गरम पाण्याने धू, फडकंही धुतलेलं घे, मग पुन्हा ओत. आणि हुंगायला कॅप्टनलाच बोलाव, तू नको हुंगूस. काल भुगा पडला होता हेही आधीच कबूल कर, म्हणजे तो तिथे अडकणार नाही.

मांद्रेकर_पोर
कॅप्टन सातला येतो. ग्लास धुवायला टाकलेत.