ऊन लागलंय की उष्माघात, घरच्या माणसाला कसं कळायचं? (वडील, वय ७६)

सागरवेळ
मी पुण्यात, आई-बाबा गुहागरजवळ गावी. बाबांना बीपीची गोळी आहे आणि पायांच्या सुजेसाठी रोज सकाळी पाण्याची गोळी. परवा आंबे उतरवायला गडी आले होते म्हणून बाबा साडेअकरापर्यंत कलमांत उभे राहिले. घरी आले ते घामाने निथळत. डोकं ठणकत होतं, एक उलटी झाली. आईने पडवीत निजवलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. अर्ध्या तासात उठून बसले. आता आईचा प्रश्न असा, की नुसतं निजवून भागणार नाही हे ओळखायचं कशावरून? आमच्याकडे पारा तर ३५-३६च्या वर जात नाही.

कौलारू
घामाकडे लक्ष ठेवा. घाम येतोय तोवर घाबरायचं कारण नाही. घाम बंद होऊन अंग कोरडं तापलं की उष्माघात. आणि खिशात कांदा ठेवायला सांगा, आमच्याकडे सगळे ठेवतात.

सिस्टर_चिपळूण
कौलारू, कोरडं तापलेलं अंग ही खूण खरी आहे, घरात बसून उष्णता चढलेल्या म्हाताऱ्या माणसांत ती बरेचदा दिसते. पण घाम आहे म्हणून धोका नाही, हे मात्र चूक. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. आपल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून पारा ३६ असला तरी अंगात उष्णता साठते, आणि उष्माघाताचा माणूस ओलाचिंबही असू शकतो. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात ४०पासून. कांद्याने काही होत नाही.

सागरवेळ, मी आधी माणसाचं भान बघते. बाबा त्या वेळी नीट उत्तरं देत होते ना? मग ते ऊन लागणं. असंबद्ध बोलायला लागले, विनाकारण चिडले, चालताना तोल जायला लागला, ग्लानी किंवा झटका आला, तर उष्माघात धरूनच चालायचं. ताप १०४ फॅरनहाइटच्या आसपास असतो, पण काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो. १०२ बघून निर्धास्त राहू नका. आणि भान असूनही अर्ध्या तासात उतार पडला नाही, तरी दवाखाना गाठायचा.

खाडीकाठ
आमची आत्या, ८१ वर्षांची, उन्हात गेलीच नव्हती. पत्र्याच्या खोलीत झोपायची. दोन रात्री वीज नव्हती. तिसऱ्या सकाळी तिने मला माझ्या वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हटलं, वय झालं. दुपारी घास तोंडापर्यंत नेता येईना. अंग भाजत होतं. ताप समजून पॅरासिटामॉल दिली, वर चादर घातली, आणि गाडी शोधण्यात तास गेला. वाचली, पण अजून तोल सांभाळून चालता येत नाही. तो तास आठवला की अजून झोप लागत नाही.

सिस्टर_चिपळूण
खाडीकाठ, वेळ जातो तो इथेच. हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही. १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत माणसाला गार करा. सावलीत आणून जादा कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि पंखा लावा. वीज नसेल तर सुपाने वारा घाला, पण थांबू नका. बर्फ असला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा, जांघा. नुसती कपाळावर ओली पट्टी पुरत नाही. भान नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, कुशीवर वळवा.

नारळवाडी
आईला घामोळं फार येतं. रोज दोन शहाळी दिली तर चालतील का?

सिस्टर_चिपळूण
घामोळं वेगळं, त्याला सुती कपडे आणि गार पाण्याने अंघोळ. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. आईला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर रोज दोन देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सागरवेळ
सिस्टर, पाण्याची गोळी उन्हाळ्यापुरती थांबवावी का? त्यांना तहानच लागत नाही.

कौलारू
आमच्या काकांनी मनानेच थांबवली होती. पंधरा दिवसांत रात्री दम लागायला लागला.

सिस्टर_चिपळूण
तेच होतं. मनाने थांबवू नका, पण डॉक्टरांना उन्हाळ्याआधी विचाराच, काही वेळा मात्रा कमी करतात. हृदय किती कमजोर आहे त्यावर ते ठरतं, आणि पाणी किती प्यायचं तेही. मला इथून सांगता येणार नाही. तोवर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत एक-दीड किलो उतरलं किंवा चढलं, तर फोन करा. उठताना चक्कर येते का, लघवी गडद झाली का, हेही आईंना बघायला सांगा.

खाडीकाठ
आणखी एक. सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा वाहत राहिला की खारं वारं उशिरा सुटतं, तो दिवस वाईट. त्या दिवशी बाबांना नऊनंतर कलमांत जाऊ देऊ नका.

सागरवेळ
डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. आईने वजनकाटा माजघरात आणून ठेवला. नऊचं मात्र बाबा ऐकत नाहीत, आंबा थांबत नाही म्हणतात. गड्यांवर देखरेख ठेवणारं दुसरं कोणी मिळतं का, ते बघतोय.