प्रत्येक कार्ड उत्तर झालं की कथा मुलाखत होते

दोघांच्या पोस्टकार्डांतून कथा लिहिणाऱ्याची तक्रार असते: "दोघांची कार्डं आलटून पालटून ठेवली की कथा प्रश्नोत्तरांसारखी वाटते." वाटणारच, कारण प्रत्येक कार्ड आधीच्या कार्डाला उत्तर देतंय. खरी कार्डं वाटेत एकमेकांना ओलांडतात. कागदावर आधी टपालाचे दिवस ठरवा, समजा चार, आणि प्रत्येक कार्डाच्या दोन तारखा मांडा: लिहिल्याची आणि मिळाल्याची. अण्णा 3 तारखेला लिहितो, "डोळ्याचं ऑपरेशन 12 ला. येशील?" हे बापूला 7 ला मिळणार. पण बापूने 5 लाच टाकलंय, "दहापासून महिनाभर लेकीकडे." ते अण्णाला 9 ला मिळतं आणि त्याला तो नकार वाटतो. त्याच दिवशी तो तुटक लिहितो, "शेजारी आहेत, काळजी नको." इकडे बापूने 7 लाच कळवलेलं असतं, "लेकीकडचं रद्द, 11 ला निघतो." म्हणजे अण्णाचं तुटक कार्ड 13 ला बापूच्या बंद दाराखालून आत सरकतं. ते त्याला परतल्यावर सापडेल, आणि त्यावर तो काय लिहितो (किंवा लिहीत नाही) तिथे कथा आहे.

आता क्रम. लिहिल्याच्या तारखेने लावलीत तर वाचकाला गैरसमज आधीच दिसतो, अण्णाला मिळतील तशी लावलीत तर वाचकही त्याच्यासोबत दोन दिवस रुसतो. मी पहिला घेईन. फक्त तारीख कार्डावरच हवी, निवेदकाची टीप नको. आणि कार्ड उघडं असतं, पोस्टमनही वाचतो, त्यामुळे "मला तुझा राग आला" असं कुणी त्यावर लिहीत नाही. "काळजी नको" लिहितो.