फॉन्टचा आकडा नको, पट्टीने मोजा
>मेनूच्या स्क्रीनवर फॉन्ट ४८ पिक्सेल ठेवलाय तरी काउंटरवरून रेट दिसत नाहीत

फॉन्ट साइझ म्हणजे अंकाची उंची नव्हे, वरखालची मोकळी जागापण त्यात येते, अंक साधारण ७०% भरतो. ४३ इंची फुल एचडी आडव्या स्क्रीनवर एक पिक्सेल जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे तुमचा अंक १७ मिलिमीटरचाच. साइनबोर्डवाले १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर धरतात, मग तेवढ्या अंतरावरून वाचायला फॉन्ट ७२ तरी हवाच, आणि सरळ स्क्रीनवर पट्टी लावून अंक मोजा. आता ओळी आठ-नऊच बसतील, तर फॉन्ट बारीक करू नका, दुसरा कॉलम करा. मी रेट उजव्या कडेला ढकलले होते, लोक शेजारच्या ओळीतल्या ज्यूसचा भाव वाचायचे, नावाला चिकटवल्यावर थांबलं.